रेंज फुल, तरी कॉल लागेना? इन-बिल्डिंग सिस्टिममध्ये या चुका टाळा

हॉस्पिटलच्या ओपीडीत मोबाईलवर सगळ्या काड्या दिसतात पण कॉल लावला की कट, समोरच्याला आवाज तुटक, आणि रात्री त्याच जागी सगळं मस्त चालतं. अशी तक्रार आली की पहिली चूक जवळपास ठरलेली असते: पॉवर वाढवा. अरे पण त्या काड्या म्हणजे अँटेनाकडून फोनकडे येणारा सिग्नल, डाउनलिंक. फोनचं बोलणं परत नेणारं अपलिंक त्यात दिसतच नाही, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो.

एका हॉस्पिटलमधली केस सांगतो. छतातल्या सगळ्या अँटेना दोन ऑपरेटर मिळून वापरत होते, दोघांचे सिग्नल एका हायब्रिड कॉम्बायनरमध्ये एकत्र येऊन पुढे केबल, स्प्लिटर करत मजल्यामजल्यावर. दोघेही १८०० बँडवर, पहिल्याचा डाउनलिंक १८१५ मेगाहर्ट्झला, दुसऱ्याचा १८६५ ला, प्रत्येकी १० मेगाहर्ट्झ रुंद. तक्रारी मात्र फक्त दुसऱ्याच्या ग्राहकांच्या, त्यामुळे पहिला म्हणायचा आमच्याकडे सगळं ओके आहे, तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्याच्या अपलिंकचा नॉइज मोजला तर रात्री दर रिसोर्स ब्लॉकला, म्हणजे बँडच्या एका छोट्या तुकड्याला, मायनस ११८ डीबीएम, म्हणजे नॉर्मल, आणि सकाळी ११ ला मायनस १०३. १५ डीबीचा फरक म्हणजे नॉइज तीसेक पट, आणि फोनची कमाल पॉवर असते २३ डीबीएम म्हणजे २०० मिलीवॅट, तो बिचारा किती ओरडणार. मग दोघांनीही आपापली पॉवर ३ डीबीने वाढवून पाहिली, तर नॉइज थेट मायनस ९६ वर गेला! पॉवर ३ डीबी वाढली आणि नॉइज ७ डीबी, हीच खरी खूण. बाहेरचा जॅमर किंवा कुणाचा बूस्टर असता तर आपली पॉवर बदलून त्याला काही फरक पडला नसता. आपल्या पॉवरपेक्षा जास्त वेगाने नॉइज वाढतो तेव्हा संशय पिमवर, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशनवर घ्यायचा. सैल कनेक्टर, गंज, केबल कापताना आत राहिलेला धातूचा कीस अशा जागी दोन सिग्नल एकमेकांत मिसळून तिसरीच फ्रिक्वेन्सी तयार करतात.

आता हिशोब बघा. १८१५ ची दुप्पट वजा १८६५ म्हणजे १७६५. मूळ सिग्नल १० चे असले की हा कचरा ३० मेगाहर्ट्झ पसरतो, १७५० ते १७८०. दुसऱ्याचा अपलिंक १७६५ ते १७७५, पूर्ण त्यात बुडालेला. पहिल्याचा १७१५ ते १७२५, साफ सुटलेला. म्हणून तो निवांत.

खात्री करायला रात्री गर्दी नसताना दोघांच्या डाउनलिंकवर डमी ट्रॅफिक टाकलं, नॉइज लगेच वर. मग पहिल्याचा डाउनलिंक मिनिटभर बंद केला, दुसऱ्याचा नॉइज खाली मायनस ११८ ला. झालं सिद्ध.

दुसरी चूक इथे उघड झाली. सिस्टिम हँडओव्हर करताना फक्त व्हीएसडब्ल्यूआर बघून पास केली होती आणि तो खरंच छान होता. व्हीएसडब्ल्यूआर सांगतो किती पॉवर परत येते, सांधा आत काय नवीन बनवतो ते नाही. पिमची टेस्ट वेगळी, २० वॅटचे दोन टोन सोडून परत येणारा कचरा मोजायचा, आणि चांगला पार्ट असेल तर तो साधारण मायनस ११० डीबीएमच्या खाली राहतो. ही टेस्ट साइट बंद करून, ऑपरेटरला सांगूनच करा.

शोधायचं कसं? अर्धं-अर्धं करत. पहिल्या स्प्लिटरच्या आधी केबल सोडून तिथे लो-पिम लोड लावा, म्हणजे पॉवर जिरवणारा पण स्वतः पिम न बनवणारा पार्ट. कचरा गेला तर दोष पुढे, राहिला तर मागे. मग संशयित कनेक्टरवर हलकेच टिचकी मारा, आकडा उड्या मारू लागला की सापडला. आमच्याकडे कचरा राहिला, म्हणजे दोष मागेच. निघाला काय, तर कॉम्बायनरच्या न वापरलेल्या आउटपुटवर लावलेला साधा काळा लोड. दोन्ही ऑपरेटरची अर्धी पॉवर त्याच्यात जिरते, त्यामुळे व्हीएसडब्ल्यूआर उत्तम आणि पिम भयंकर. अशा जागी लांब केबलच्या गुंडाळीचा लो-पिम लोडच लावायचा, त्यात पैसे वाचवू नका. तो बदलला, पॉवर पूर्वीवर आणली, आणि दिवसाचा नॉइज मायनस ११७ वर बसला.

मधल्या काळात कुणीतरी ओपीडीत त्याच फ्रिक्वेन्सीवर स्मॉल सेल, म्हणजे छोटं स्वतंत्र बेस स्टेशन, लावून दिला होता. त्याच्यात लांब केबलचं जाळं नसतं, म्हणून हा त्रास त्याला कमी, हे बरोबर. पण छतातला अँटेनाही तिथेच आणि फ्रिक्वेन्सी तीच, त्यामुळे चालता चालता फोन दोघांत उड्या मारायला लागले. नॉइज साफ झाल्यावर तो काढून ठेवला.

आणि हो, सगळे कनेक्टर टॉर्क रेंचनेच आवळा. ७/१६ ला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर लागतात आणि स्क्रूवाल्या ४.३-१० ला ५ च, एकाचा रेंच दुसऱ्याला लावलात तर तिथेच नवीन पिम तयार.