मिसफायर कॉइलमुळे की प्लगमुळे, हे खर्च न करता ओळखण्याची पद्धत

स्वारगेटच्या सिग्नलला थांबल्यावर पेट्रोल गाडी थरथरत असेल आणि स्कॅनरवर P0302 हा कोड दिसत असेल, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे, म्हणजे तिथले पेट्रोल नीट पेटत नाही, एवढेच कळते. दोष कॉइलचा की स्पार्क प्लगचा, हे कोड सांगत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत, नाना पेठेत नवे सुटे भाग घ्यायला जाण्यापूर्वी पुढील अदलाबदल करून पाहावी.

१. इंजिन बंद व थंड असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलाव्यात, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी.
२. आता P0303 आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला; तीच बदलावी.
३. P0302 च राहिला, तर प्लगची तशीच अदलाबदल करावी. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून निसटत असते, आणि मग प्लगसोबत कॉइलचे रबरी बूटही बदलावे लागते. प्लगची अदलाबदल करूनही कोड जागचा हलला नाही, तर इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी चालवून पाहू नये, कारण न जळालेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितापून निकामी होऊ शकतो, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.