चोलेस्की वापरताय? या चुका टाळा

मॅट्रिक्स सममित आणि पॉझिटिव्ह डेफिनिट असेल तर चोलेस्की पद्धतीने तिचे A = LLᵀ असे तुकडे पडतात, जिथे L मध्ये कर्ण आणि त्याखालचा त्रिकोणच भरलेला असतो. हिशोब साधारण n³/3 क्रियांचा. सर्वसाधारण LU ला याच्या दुप्पट, 2n³/3 लागतात. शिवाय ओळींची अदलाबदल, म्हणजे पिव्हटिंग, करावं लागत नाही. मात्र हे सगळं एका अटीवर मिळतं: मॅट्रिक्स खरोखर पॉझिटिव्ह डेफिनिट हवी. बहुतेक गोंधळ ही अट मोडल्यामुळे होतात, आणि ती मोडली हे सांगणाऱ्या एररचं तोंड बंद केल्यामुळे वाढतात.

पहिली आणि सर्वांत चीड आणणारी चूक: एरर आली की कर्णात काहीतरी मिळवत सुटणं

`Matrix is not positive definite` असं स्क्रीनवर आलं की नवशिक्यांचा हात आपोआप कर्णात `1e-6` मिळवायला जातो. तेवढ्याने भागलं नाही की लूप लावतात: दहापट करा, पुन्हा प्रयत्न करा, चालेपर्यंत थांबू नका. हा लूप नेमकं काय करतो ते एका उदाहरणावर बघा.

तीन चलांची सहसंबंध मॅट्रिक्स आहे. पहिल्याचा दुसऱ्याशी सहसंबंध ०.९, पहिल्याचा तिसऱ्याशी ०.९, दुसऱ्याचा तिसऱ्याशी ०.३. आकडे वरवर निरुपद्रवी दिसतात. आता चोलेस्की चालवा. पहिला पिव्हट १. दुसरा १ − ०.८१ = ०.१९. तिसऱ्याला मात्र उरतात −१.१८ च्या आसपास, आणि त्याचं वर्गमूळ निघत नाही. ही राउंडिंगची चूक नव्हे; राउंडिंगची चूक इतकी मोठी नसते. पहिले दोन सहसंबंध ०.९ असतील तर तिसरा ०.६२ पेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणजे असा डेटा अस्तित्वातच नाही.

मग हे आकडे आले कुठून? बहुतेक वेळा गाळलेल्या नोंदींमधून. ज्या ओळीत एखादी किंमत नाही ती ओळ फक्त त्या जोडीपुरती वगळली, की प्रत्येक सहसंबंध वेगळ्याच ओळींवरून निघतो आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ राहत नाही.

या मॅट्रिक्सची सर्वांत लहान आयगेन व्हॅल्यू −०.१३ च्या जवळ आहे. लूप `1e-6` पासून निघतो, `1e-1` लाही अपयशी ठरतो आणि थेट १ वर यशस्वी होतो. कर्णावर आता २ आहेत, म्हणजे ०.९ चा सहसंबंध गुपचूप ०.४५ झाला आणि ०.३ चा ०.१५. प्रोग्रॅम चालला, एरर गेली, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं निघालं. या लूपला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

माझी सवय सांगतो. एरर आली की आधी टोकाच्या दोन आयगेन व्हॅल्यू बघायच्या:

```python
w = np.linalg.eigvalsh(A)
print(w[0], w[-1])
```

सर्वांत लहान किंमत सर्वांत मोठीच्या `1e-15` पट किंवा त्याहून थोडी जास्त, अशी शून्याला चिकटलेली असेल, तर मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर आहे. कदाचित एखादा कॉलम दोनदा आला असेल, किंवा चलांपेक्षा नोंदी कमी असतील. अशा वेळी कर्णात मोजकं काही मिळवणं समर्थनीय आहे, पण किती आणि का ते लिहून ठेवा. किंमत ठळक ऋण असेल तर दोष डेटात किंवा कोडमध्ये आहे. तो शोधा: शक्य असेल तर पूर्ण ओळींवरूनच मॅट्रिक्स पुन्हा काढा, नाहीतर सर्वांत जवळची वैध सहसंबंध मॅट्रिक्स काढणारी पद्धत वापरा.

‘पिव्हटिंग नाही, म्हणजे धोका’ असं समजणं

LU मध्ये पिव्हट `1e-20` असेल आणि ओळी बदलल्या नाहीत, तर गुणक प्रचंड होतो आणि मूळ आकडे त्याखाली पुसले जातात. इथे तसं होत नाही, कारण L च्या प्रत्येक ओळीतल्या वर्गांची बेरीज A च्या कर्णावरच्या आकड्याइतकीच असते. हे हातानेच करून पाहा:

```
A =  4   2  -2      L =  2   0   0
     2  10   2           1   3   0
    -2   2   6          -1   1   2
```

दुसरी ओळ: १ + ९ = १०. तिसरी: १ + १ + ४ = ६. L मधली कोणतीही संख्या A च्या त्याच ओळीतल्या कर्णावरच्या आकड्याच्या वर्गमूळापेक्षा मोठी होऊच शकत नाही. पिव्हट अगदी लहान असला तरी L मधले आकडे या मर्यादेबाहेर जात नाहीत. त्यामुळे ‘सुरक्षिततेसाठी’ LU वापरणं म्हणजे दुप्पट काम करून काहीच न मिळवणं.

स्थैर्याचा चुकीचा अर्थ लावणं

चोलेस्की स्थिर आहे म्हणून तिला दिलेली मॅट्रिक्स सुधारत नाही. लीस्ट स्क्वेअर्समध्ये AᵀA बनवून चोलेस्की लावणारे हे विसरतात. कॉलम (१, e, ०) आणि (१, ०, e) घ्या, e = `1e-8`. AᵀA च्या कर्णावर 1 + e² हवं, पण डबल प्रिसिजनमध्ये ते नुसतं १ उरतं. चारही जागी १, दुसरा पिव्हट शून्य. माहिती गुणाकारातच गेली. चोलेस्कीकडे पोहोचलीच नाही. कंडिशन नंबरचा वर्ग होतो, त्यामुळे A चा तो `1e7` च्या पुढे असेल तर मी सरळ QR कडे जातो. काम थोडं जास्त लागतं, लागू दे.

सममिती न तपासणं

`np.linalg.cholesky` एरवी खालचाच त्रिकोण वाचते. `[[4, 100], [2, 10]]` दिलंत तरी ती मुकाट्याने `[[2, 0], [1, 3]]` परत करते. आधी `np.abs(A - A.T).max()` बघा. न बघताच `(A + A.T)/2` करणारे चूक झाकतात, काढत नाहीत.

इन्व्हर्स काढणं

Ax = b साठी इन्व्हर्स नको. n = ३००० ला चोलेस्की सुमारे ९०० कोटी क्रिया, सर्वसाधारण इन्व्हर्स ५४०० कोटी. एकदा L मिळाली की प्रत्येक नव्या b ला फक्त 2n² क्रिया लागतात, म्हणून L जपून ठेवा.

डिटर्मिनंट थेट काढणं

ओव्हरफ्लो होतो. L च्या कर्णाच्या लॉगची बेरीज करून दुप्पट करा, म्हणजे डिटर्मिनंटचा लॉग मिळतो.

वरचा की खालचा, हे न बघणं

नमपाय खालचा त्रिकोण देते, `scipy.linalg.cholesky` न सांगता वरचा. ठरावीक कोव्हेरियन्सचे यादृच्छिक नमुने बनवताना `L @ z` च्या जागी `U @ z` लिहिलं तर एरर येत नाही. वरच्या ३×३ मॅट्रिक्सवर पहिल्या चलाचा व्हेरियन्स ४ ऐवजी ६ येतो. म्हणून scipy वापरताना मी `lower=True` कायम लिहितो आणि पहिल्या वेळी `L @ L.T` ची A शी तुलना करतो. `cho_factor` वापरलं असेल तर ही तुलना थेट जमत नाही, कारण तिच्या उरलेल्या त्रिकोणात कचरा असतो. ती फक्त `cho_solve` ला द्यायची.