सरकारी किंमत खरेदीपेक्षा जास्त निघाली आणि प्राप्तिकराची नोटीस आली: मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायला कसं सांगावं

पंचवटीत गोदावरीच्या पूररेषेजवळ, 1996 साली बांधलेली, लिफ्ट नसलेली इमारत आहे असं समजा. तिथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट 38,00,000 रुपयांना घेतला. दुय्यम निबंधकांनी बाजारमूल्य दर तक्त्यानुसार त्याची किंमत 46,20,000 धरली आणि त्यावर मुद्रांक शुल्क भरलं गेलं. इंडेक्स-2 वर मोबदला आणि बाजारभाव असे दोन्ही आकडे छापलेले असतात, आणि 30 लाख किंवा त्यावरच्या व्यवहारांची माहिती निबंधक कार्यालयाकडून प्राप्तिकर विभागाला जातेच. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी नोटीस येते: 8,20,000 रुपयांचा फरक तुमचं उत्पन्न का धरू नये?

हा प्रश्न प्राप्तिकर कायदा 1961 च्या कलम 56(2)(x) खाली येतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू आहे, पण त्याआधीच्या आर्थिक वर्षांतल्या खरेदीला जुनाच कायदा लागतो. नियम असा की फरक 50,000 रुपये किंवा मोबदल्याच्या 10 टक्के, यातल्या मोठ्या रकमेच्या आत असेल तर काहीच होत नाही. पण तो त्यापुढे गेला की फक्त वरचा भाग नव्हे, तर सगळा फरक उत्पन्नात धरला जातो. इथे 38 लाखांचे 10 टक्के म्हणजे 3,80,000. फरक 8,20,000, म्हणून पूर्ण 8,20,000 वर कर. 20 टक्क्यांच्या टप्प्यात हा कर 1,64,000 रुपये होतो, वर 4 टक्के उपकर आणि व्याज.

आधी तारीख तपासा

साठेखत आधी आणि खरेदीखत काही महिन्यांनी झालं असेल, तर सरकारी किंमत साठेखताच्या दिवशीची धरता येते. अट एकच: त्या दिवशी किंवा त्याआधी मोबदल्याचा काही भाग अकाउंट पेयी चेकने किंवा बँकेतून ऑनलाइन दिलेला हवा. दर तक्ता साधारणपणे 1 एप्रिलला बदलतो. फेब्रुवारीत साठेखत आणि मेमध्ये खरेदीखत झालं असेल, तर एवढ्यानेही फरक मर्यादेत येऊ शकतो. टोकन रोख दिलं असेल तर मात्र ही वाट बंद.

मग दस्ताला जोडलेलं मूल्यांकन पत्रक काढा. विभाग क्रमांक बरोबर आहे का? इमारतीच्या वयाचा घसारा धरला आहे का? लिफ्ट नसल्याची नोंद आहे का? कार्पेट क्षेत्राचं बांधीव क्षेत्र दोनदा तर केलेलं नाही? अशी चूक सापडली तर ती उत्तरात आकड्यांसह दाखवा.

मागणी लेखी आणि पहिल्याच उत्तरात करा

कलम 56(2)(x) चं परंतुक इथे कलम 50C(2) लागू करतं. त्यानुसार करदात्याने करनिर्धारण अधिकाऱ्यासमोर सांगायचं, की मुद्रांकासाठी धरलेली किंमत खरेदीच्या दिवशीच्या खऱ्या बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून प्रकरण प्राप्तिकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवावं. दुसरी अट अशी की त्या किमतीला मुद्रांक कायद्याखाली अपिलात किंवा न्यायालयात आव्हान दिलेलं नसावं. तिथे वाद चालू असेल तर ही मागणी टिकत नाही. मुद्रांक शुल्क मुकाट्याने भरलं म्हणजे किंमत मान्य केली, असं मात्र होत नाही.

सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच फसतात. उत्तरात एवढंच लिहिलेलं असतं की ‘सरकारी दर अवास्तव आहेत’, आणि मागणीच नसते. प्राप्तिकर पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग्जमधल्या उत्तरात स्वतंत्र परिच्छेद ठेवा. त्यात तीन वाक्यं पुरतात: या दस्तातलं मुद्रांक मूल्य 46,20,000 हे खरेदीच्या तारखेच्या बाजारमूल्यापेक्षा जास्त असल्याचं मी सांगतो, या मूल्याला मी इतर कुठल्याही प्राधिकरणासमोर आव्हान दिलेलं नाही, म्हणून कलम 56(2)(x) चं परंतुक आणि कलम 50C(2) नुसार मूल्यांकन अधिकाऱ्याकडे संदर्भ करावा. उत्तराची पोचपावती जपून ठेवा. कायद्यात ‘करू शकतो’ असा शब्द आहे, पण कलकत्ता उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सुनील कुमार अगरवाल प्रकरणात म्हटलं, की करदात्याने स्पष्ट मागणी केली नसली तरी अधिकाऱ्याने ही संधी द्यायला हवी. मागणी शेवटच्या आठवड्यात केली तर करनिर्धारणाची मुदत संपत आल्याचं कारण पुढे येतं, म्हणून घाई करा.

या मागणीत उलटण्याचा धोका नाही. मूल्यांकन अधिकाऱ्याने सरकारी किमतीपेक्षा जास्त मूल्य काढलं, तरी 50C(3) नुसार सरकारी किंमतच धरली जाते.

पुरावा कसा जमवावा

उत्तम पुरावा म्हणजे त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या गल्लीतले, त्याच काळातले नोंदणीकृत व्यवहार. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-2 शोधता येतो. तीन-चार पुरतात, पण दर काढताना क्षेत्रफळ एकाच पद्धतीचं धरा. एका दस्तात कार्पेट आणि दुसऱ्यात बांधीव क्षेत्र असेल तर तुलना कोलमडते, आणि मूल्यांकन अधिकारी तेच पहिल्यांदा पकडतात.

त्यानंतर या फ्लॅटच्या उणिवा मांडा. दर तक्ता अख्ख्या विभागाला एकच दर देतो. पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरतं, तिसऱ्या मजल्यावर जिने चढून जावं लागतं, ड्रेनेज लाइन जुनी आहे, हे त्या दरात उमटत नाही. पूररेषेचा नकाशा, पाणी शिरल्याचे तारखेसह फोटो, सोसायटीच्या दुरुस्तीचे ठराव जोडा. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल असेल तर त्यातलं मूल्य खरेदीच्या तारखेचं असलं पाहिजे. आजच्या तारखेचा अहवाल इथे उपयोगी नाही.

मूल्यांकन अधिकाऱ्यासमोर

संदर्भ झाला की मूल्यांकन अधिकारी कागद मागतात, जागा पाहतात आणि प्रस्तावित मूल्य कळवून हरकती मागतात. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा, पार्किंग आणि जिना दाखवा. प्रस्तावात फक्त दर तक्त्याचाच आधार घेतला असेल, तर हरकतीत तेवढंच ठळक लिहा: तुलनात्मक व्यवहार का वगळले? हरकत न पाठवणं म्हणजे प्रस्ताव मान्य केल्यासारखं होतं.

त्यांचं अंतिम मूल्य सरकारी किमतीपेक्षा कमी आलं, तर करनिर्धारण त्यानुसारच करावं लागतं. आपल्या उदाहरणात मर्यादा आहे 38,00,000 अधिक 3,80,000, म्हणजे 41,80,000. मूल्य 41,50,000 ठरलं तर फरक 3,50,000 उरतो. 10 टक्क्यांची सवलत याही मूल्याला लावावी, अशी मागणी उत्तरात स्वतंत्र मांडा. ती मान्य झाली तर कर शून्य. मूल्य 43,00,000 ठरलं तर फरक 5,00,000, आणि तो पूर्ण करपात्र. म्हणूनच सगळी धडपड 41,80,000 च्या खाली येण्याची आहे. हरकतीत एखाद्या लाखाचा मुद्दाही सोडू नका.

मागणीकडे दुर्लक्ष करून आदेश निघाला, तर 30 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म 35 भरा आणि पहिला आधार हाच ठेवा, की लेखी मागणी असूनही संदर्भ केला नाही. पोचपावती इथे कामी येते. विक्रेत्याला भांडवली नफ्यासाठी 50C खाली अशीच नोटीस येऊ शकते, पण त्याने स्वतःची मागणी स्वतंत्र करावी.

काही रक्कम शेवटी करपात्र ठरलीच, तर तो आदेश खरेदीखतासोबत ठेवा. पुढे फ्लॅट विकताना ज्या मूल्यावर कर लागला तेच खरेदीमूल्य धरलं जातं. वरच्या दुसऱ्या शक्यतेत ते 38 लाख नव्हे, तर 43 लाख असेल.