थंडीचा विक्रम आणि नळीच्या टोकाचा थेंब

विदर्भातल्या एका कृषी हवामान वेधशाळेत मी निरीक्षक म्हणून रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. जानेवारीतली सकाळ, साडेआठची नोंद घ्यायची वेळ. तापमापक ठेवायच्या झडपांच्या पेटीचं, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीनचं, दार उघडलं आणि किमान तापमापकात ३.८ अंश दिसले. आमच्या केंद्राच्या जुन्या नोंदवहीत इतका कमी आकडा कुठेच नव्हता. मी धावत जाऊन वरिष्ठ निरीक्षकांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनपाशी आले आणि आकड्याकडे न बघता म्हणाले, "अगं, आधी नळीचं टोक बघ."

नळीच्या अगदी वरच्या टोकाला अल्कोहोलचा एक बारीक थेंब चिकटून होता.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी हा थेंब आधी समजून घ्यावा. कमाल तापमापकात पारा असतो, किमान तापमापकात अल्कोहोल. अल्कोहोलमध्ये डंबेलच्या आकाराचा एक छोटा दर्शक असतो. तापमान उतरलं की अल्कोहोलची कड त्याला तापमापकाच्या गोळ्याच्या दिशेने मागे ओढत नेते. तापमान पुन्हा चढलं की अल्कोहोल त्याच्या बाजूने पुढे सरकतं आणि दर्शक तिथेच राहतो. म्हणून रात्रीचा नीचांक वाचायचा तो दर्शकाच्या त्या टोकाशी, जे तापमापकाच्या गोळ्यापासून लांब असतं. पण काही काळाने थोडं अल्कोहोल वाफ होऊन वरच्या टोकाला जमतं. तेवढं द्रव मुख्य स्तंभातून कमी होतं, स्तंभ आखूड होतो आणि तापमापक खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. थंडीचे खोटे विक्रम बऱ्याचदा असेच जन्मतात.

त्या सकाळी पडताळा सोपा होता. दर्शक वाचून झाल्यावर अल्कोहोलची कड कुठे आहे तेही वाचायचं आणि शेजारच्या कोरड्या तापमापकाशी ताडून बघायचं. दोघांनी त्या क्षणाचंच तापमान दाखवायला हवं. कोरडा तापमापक ११.४ दाखवत होता, अल्कोहोलची कड ८.६. म्हणजे २.८ अंशांची तूट. ३.८ मध्ये तेवढे मिळवले तर ६.६ येतात, आणि आसपासच्या केंद्रांवरही त्या रात्री सहा-सात अंशच होते. मला वाटलं, ६.६ लिहून टाकू. वरिष्ठांनी तसं करू दिलं नाही. वहीत ३.८ जसाच्या तसा लिहायला लावला, समोर 'शंकास्पद' असा शेरा, आणि खाली कारण: स्तंभातून सुटलेलं द्रव, कोरड्या तापमापकाशी २.८ चा फरक. मग तापमापक काढून, गोळा खाली धरून हलके झटके दिले आणि थेंब स्तंभात परत आणला. वाचलेला आकडा कधीच खोडायचा नाही, ही शिस्त मला त्या दिवशी लागली. वीस वर्षांनी कोणी ती वही उघडली तर काय दिसलं आणि काय ठरवलं, दोन्ही त्याला वेगवेगळं कळलं पाहिजे.

दर्शकाचं चुकीचं टोक वाचणं ही नवख्या निरीक्षकाची दुसरी ठरलेली चूक. जगातल्या सर्वाधिक तापमानाचा विक्रम याच जातीच्या चुकीने नव्वद वर्षं चुकीच्या जागी राहिला. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश नोंदले गेले होते. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने मूळ नोंदपत्रक शोधून तपासलं, तेव्हा नवख्या माणसाने कमाल-किमान दोन्ही दाखवणारा सिक्सच्या धाटणीचा तापमापक वाचताना दर्शकाचं भलतंच टोक धरलं असावं, असा निष्कर्ष निघाला. एवढ्याने सुमारे सात अंशांची चूक होऊ शकत होती. आसपासच्या केंद्रांशी तो आकडा जुळत नव्हता आणि त्याच जागच्या नंतरच्या नोंदींशीही नाही. २०१२ मध्ये तो रद्द झाला आणि मान डेथ व्हॅलीच्या १९१३ मधल्या ५६.७ अंशांकडे गेला.

हा ५६.७ लक्षात ठेवा, कारण ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. फोनवर फोन आले. आकडा खरा असता तर नागपूर जगाच्या विक्रमापासून अंशाहूनही कमी अंतरावर आलं असतं. शहराचा मान्य उच्चांक मे २०१३ मधला ४७.९ आहे. दुसऱ्याच दिवशी हवामान विभागाने ५६ हा यंत्राच्या बिघाडाचा आकडा असल्याचं स्पष्ट केलं. पण खुलासा यायच्या आधीच आपल्याला तो कसा ओळखता येतो, हे सांगायला मला आवडतं.

पहिला पुरावा शेजारचा. त्याच दुपारी त्याच भागातली आणखी दोन स्वयंचलित केंद्रं ४४ अंशांच्या आसपास होती. मे महिन्याच्या भर दुपारी जमिनीलगतची हवा सतत वर जाते आणि वरची खाली येते, सगळं इतकं ढवळलेलं असतं की काही किलोमीटरवर बारा अंशांचा फरक टिकूच शकत नाही. सकाळी दवात, दरीत टिकेल. दुपारी दोन-तीनला नाही.

दुसरा पुरावा वरच्या हवेचा. नागपूरहून हवामान फुगा सोडला जातो. त्याच्या नोंदीत ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचं, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान बघा. ढवळलेली कोरडी हवा किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे मधलं अंतर सव्वा किलोमीटरच्या आत. वर ३२ अंश असतील तर खाली ४३-४४ निघतात, आणि तापलेल्या जमिनीमुळे एखाद-दोन अंश जास्त. खाली ५६ हवे असतील तर वर चाळिशीच्या पुढे तापमान लागेल. इतकी तापलेली हवा एका आवारावर येऊन थांबत नाही, सगळ्या मध्य भारताच्या नोंदींत ती दिसली असती.

दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, ५२.९ दाखवले होते. तिथे विभागाने पथक पाठवून प्रमाणित उपकरण शेजारी ठेवलं, तेव्हा केंद्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचं आढळलं. बघा, ही चूक नागपूरच्या बिघाडापेक्षा जास्त धोकादायक. ५६ वर कोणीही थबकेल. पण हेच तीन अंश एखाद्या ४२ च्या दिवशी मिळाले असते तर ४५ कोणाच्या नजरेत खुपले नसते. म्हणून विक्रम आला की त्या दिवसापुरतं तपासू नका, त्या संवेदकाचा मागचा महिनाभराचा आलेख शेजाऱ्यांच्या आलेखावर ठेवून बघा. फरक हळूहळू वाढत गेला असेल तर संवेदक सरकतोय. सूर्य चढल्यावरच वाढत असेल तर कवचात हवा नीट खेळत नाही किंवा ऊन आत शिरतंय.

आणि शहराचा विक्रम म्हटलं की कोणत्या केंद्राचा, हे आधी विचारा. मुंबईचा ७.४ अंशांचा नीचांक २७ जानेवारी १९६२ चा, तो सांताक्रूझचा. समुद्राला खेटलेल्या कुलाब्याचा नीचांक त्याच महिन्यात २२ तारखेला आला, पण तो ११.७. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकमेकांचे विक्रम मोडू शकत नाहीत.

नागपूरचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ वर आला. त्याआधीचा ३.९ होता, ७ जानेवारी १९३७ चा. एक्क्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला तो ०.४ अंशाने. आमच्या तापमापकातल्या त्या एका थेंबाने २.८ अंश खाल्ले होते.