रबर होज शैलीत स्वतःचं कार्टून पात्र कसं घडवावं

हातापायांना ना कोपर ना गुडघा, नुसत्या लवचीक नळ्या. डोळे काळे, त्यातून केकची फोड कापल्यासारखा एक पांढरा तुकडा गेलेला. १९२० आणि ३०च्या दशकांतल्या अमेरिकन कार्टूनांच्या या शैलीला रबर होज म्हणतात. फेलिक्स मांजर, बेटी बूप, सुरुवातीचा मिकी हे सगळे याच घराण्यातले. ही शैली कोणीही वापरू शकतं, कारण कॉपीराइट शैलीला मिळत नाही. तो मिळतो ठरावीक रूपाच्या पात्राला. अडचण अशी की शैली म्हणून आपण जे उचलतो त्यात बरेचदा एखाद्या पात्राचा चेहराच येऊन बसतो.

म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी संदर्भचित्रं गोळा करा, पण एकाच पात्राची नकोत. निदान पाचसहा वेगवेगळ्या स्टुडिओंची पात्रं शेजारी ठेवा. जे सगळ्यांत दिसतं ती शैली: नळीसारखे हात, जाड बाह्यरेषा, गोलांवर उभं शरीर, तालावर डुलणारी चाल. जे एकातच दिसतं ती त्या पात्राची ओळख: दोन गोल कान, दोन बटणांची चड्डी, कपाळावर टोकदार उतरणारी काळ्या केसांची कड. ही दुसरी यादी लिहून भिंतीवर लावा. तिच्यातली एखादी गोष्ट आली तर फारसं बिघडत नाही; तीनचार एकत्र आल्या की पात्र ओळखू येतं, आणि वाद होतो तो त्या एकत्र येण्यावरूनच.

मग संदर्भ बंद करा आणि सुरुवात पात्राच्या कामापासून करा. समजा, मनोऱ्यावरची घड्याळं दुरुस्त करणारी बगळी काढायची आहे. काम ठरलं की शरीर आपोआप सुचतं. हिची मान लांब, ती घड्याळाच्या चक्रांमधून वळत आत जाते. म्हणजे या शैलीची लवचीक नळी हातांऐवजी मानेत गेली. इथेच पात्र निम्मं वेगळं झालं.

पहिल्या कच्च्या चित्रात मात्र हात सवयीने चुकीकडे वळतो. अंग काळं, चेहरा पांढरा, हातात पांढरे मोजे. चोच झाकून पाहिलं तर समोर तो प्रसिद्ध उंदीरच! अशा वेळी प्रत्येक खुणेला विचारायचं: ही मुळात कशासाठी आली? मोजे आले कारण काळ्या-पांढऱ्या चित्रात काळे हात काळ्या अंगावर दिसेनासे व्हायचे. आपली बगळी राखी आहे, तिच्या पंखांना ती अडचणच नाही. मोजे गेले. चेहऱ्याच्या मुखवट्याऐवजी खऱ्या राखी बगळ्याकडे पाहा: डोळ्यावरून मागे जाणारा काळा पट्टा आणि डोक्यामागे लोंबणारी पिसं. तो पट्टा जाड केला की चेहरा बगळीचा स्वतःचा झाला. फोड कापलेले डोळे ठेवले तरी चालतात, ते अनेक पात्रांत होते.

आता पडताळणी. आकृती पूर्ण काळी भरा आणि दोन सेंटिमीटर उंचीची करा. ज्याने चित्र पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, ‘कोण आठवतं?’ ‘कसलं तरी जुनं कार्टून’ हे उत्तर उत्तम. एखादं नाव आलं तर रंग बदलून उपयोग नाही, आकार बदला. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ असं सर्रास ऐकू येतं, पण कायद्यात असा आकडा नाही. न्यायालय साम्य किती ठळक आहे ते पाहतं, फरक मोजत बसत नाही. शेवटी इंटरनेटवर चित्र टाकून तशीच दुसरी चित्रं आहेत का ते शोधा, आणि नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदीही तपासा.

आणखी एक गैरसमज सांगायला हवा. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’मधला मिकी १ जानेवारी २०२४ला अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झाला, हे खरं. पण मोकळं झालं ते त्या चित्रपटातलं रूप. नंतरच्या चित्रपटांत भर पडलेली वैशिष्ट्यं त्या त्या चित्रपटाची मुदत संपेपर्यंत संरक्षित राहतात, ट्रेडमार्क वेगळाच चालू आहे आणि इतर देशांत मुदती निराळ्या आहेत.

चित्र पक्कं झालं की समोरून, बाजूने आणि मागून असं तीन बाजूंचं मॉडेल शीट करा. कच्ची चित्रं मात्र फेकू नका. तारखा टाकून ठेवा. उद्या कोणी बोट दाखवलं तर मोज्यांपासून काळ्या पट्ट्यापर्यंतचा प्रवास तीच दाखवतील. पात्र विकायचं किंवा एखाद्या उत्पादनावर छापायचं असेल, तर हाच गठ्ठा घेऊन आधी वकिलाकडे जा.