बांधावर वाजणारा फोन: समुपदेशकाने स्वतःची ठेवायची नोंद

सुपरव्हिजनच्या प्रशिक्षणाला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. बीड जिल्ह्याच्या केज-धारूर भागात मी आठ वर्षं समुपदेशन करते. आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाणं हा त्यातला मोठा भाग. तिसऱ्या वर्षी माझ्यात जे झालं, ते मला स्वतःला दिसलं नव्हतं. ते एका कागदावर दिसलं, आणि त्यातलाही अर्धाच भाग त्या कागदाला दिसला.

एका ताईंनी त्या दिवसाचं सांगताना म्हटलं होतं, "रिंग जायली, पण उचलीनात. धा येळा लावला. शेतात गेले तं फोन बांधावर वाजायला होता." पुढचं त्यांनी जे सांगितलं, ते मला आज नीट आठवतही नाही. बांधावर वाजणारा फोन मात्र माझ्यासोबत घरी आला. माझा नवरा शेतीच करतो. मोटार चालू असली की त्याला फोन ऐकू येत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण त्यानंतर त्याने एकदा फोन उचलला नाही की माझे हात गार पडायचे आणि मी लागोपाठ लावत सुटायचे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करते, कारण बैठकीत सगळे सरसकट 'थकवा' म्हणतात. बर्नआउट कामाच्या ओझ्यातून येतो: जास्त केसेस, अपुरं मानधन, प्रवास, रिपोर्ट. तो हळूहळू साठतो आणि समुपदेशनाशिवाय इतर कामांतही होतो. कम्पॅशन फटीग म्हणजे दुसऱ्याचं दुःख सतत झेलून आतली ओल आटत जाणं. त्याचा एक भाग आघाताच्या लक्षणांसारखाच असतो: ऐकलेलं डोळ्यांसमोर येणं, दचकणं, टाळणं. व्हायकेरियस ट्रॉमा ही कल्पना मॅककॅन आणि पर्लमन यांनी 1990 मध्ये मांडली. तिचा रोख समजुतींवर आहे. सुरक्षितता, विश्वास, स्वतःची आणि इतरांची किंमत, जवळीक, ताबा यांबद्दल मनात जे धरून चाललेलो असतो, ते लोकांच्या कहाण्या ऐकून सरकतं. 'शेतात गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो' ही माझी अशीच एक समजूत होती, आणि ती सरकली होती. रजा घेतल्याने ती जागेवर येत नाही, म्हणून हा फरक कळायला हवा.

आमच्याकडे दर तिमाहीला प्रोक्यूओएल भरून घेत. बेथ स्टॅम यांची ही 30 प्रश्नांची प्रश्नावली आहे. मागच्या 30 दिवसांतला अनुभव 1 ते 5 मध्ये नोंदवायचा. कामातलं समाधान, बर्नआउट आणि दुय्यम आघात, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून आपल्याला लागलेला आघात, यांचे तीन वेगळे आकडे निघतात. तिन्हींची एक बेरीज करायची नसते. प्रत्येकात 22 पर्यंत कमी, 23 ते 41 मध्यम, 42 पासून जास्त. माझे आकडे आले 40, 27 आणि 31. तिन्ही मध्यम, म्हणून कुणी काही विचारलं नाही. प्रश्नावलीचा यात दोष नाही. ती निदानाची चाचणी नाही, आणि नवऱ्याला किती फोन लावले हे ती विचारत नाही.

पकडलं ते साप्ताहिक पट्टीने. ही पट्टी आम्ही आमच्यापुरती बनवलेली आहे, प्रमाणित चाचणी नव्हे. दर शनिवारी पाच मिनिटांत सहा ओळी, प्रत्येकीला 0 ते 4 गुण. झोप किती मोडली. कामाबाहेर एखादा प्रसंग न बोलावता किती वेळा समोर आला. कुठली फाइल, फोन किंवा प्रश्न किती टाळला. घरच्यांची धास्ती वाटून किती वेळा खात्री करून घेतली. ऐकताना किती वेळा काहीच वाटलं नाही. सहावी ओळ: 'या आठवड्यात माणसांबद्दल किंवा जगाबद्दल मला असं वाटू लागलं, की…' हे वाक्य पुरं करायचं आणि त्यावर आपला विश्वास किती बसला, त्याचे गुण द्यायचे.

पहिले चार आठवडे फक्त भरायचं. त्यातून प्रत्येक ओळीची आपली नेहमीची पातळी कळते. मुळातच कमी झोपणाऱ्याचा 2 आणि गाढ झोपणाऱ्याचा 2 एकच नसतो, म्हणून तुलना शेजारणीशी नाही, स्वतःशी करायची. कुठलीही एक ओळ सलग दोन आठवडे नेहमीपेक्षा 2 गुणांनी वर राहिली, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता सुपरव्हायझरला फोन करायचा.

माझी चौथी ओळ एरवी 1 असायची. पाचव्या आठवड्यात 2, सहाव्यात 3, सातव्यात 3. सहाव्या ओळीत मी लिहिलं होतं, 'फोन उचलला नाही म्हणजे संपलं.' मी फोन केला.

मॅडमनी पहिल्यांदा एक गोष्ट केली, ती शिकून घ्या. मी प्रसंग सांगायला लागताच त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, "तपशील नको. काय अडकलंय, तेवढं एका वाक्यात सांग." सुपरव्हायझरलाही आघात असाच लागतो. अंगावर येणारा तपशील सांगायचाच असेल, तर समोरच्याला विचारून आणि गरजेपुरताच सांगायचा. मग त्यांनी माझ्या शेवटच्या आठ भेटींच्या नोंदी मागितल्या.

आठपैकी पाच नोंदींत एक प्रश्न नव्हता: "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" पती गेलेल्या बाईला हा प्रश्न सरळ शब्दांत विचारायचा, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. आणि माझ्या टाळण्याच्या ओळीत सातही आठवडे 0 किंवा 1. मी खोटं लिहिलं नव्हतं. आपण टाळतो तेव्हा टाळतोय असं वाटतच नाही, 'आज वेळ योग्य नव्हती' असं वाटतं. म्हणून तिसरी ओळ एकट्याने भरून चालत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी आपल्या नोंदी वाचून ती तपासायची.

त्याच आठवड्यात मी त्या पाच घरी परत गेले. पाचव्या घरातल्या बाईने मान हलवून 'येतो' म्हटलं. तिच्या भावाला बोलावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. हे लिहिताना आजही माझा घसा दाटतो.

माझं काम पूर्ण काढून घेतलं नाही, कारण तसं केलं की टाळणंच पक्कं होतं. तीन आठवडे नव्याने घडलेल्या मृत्यूची केस दिली नाही, जुन्या चालू ठेवल्या, दिवसाला दोनच भेटी. नवऱ्याबाबत ठरलं: फोन एकदाच लावायचा, मग अर्धा तास थांबायचं. तो परत फोन करायचाच. ते अर्ध्या तासाचं थांबणं हाच माझा उपचार होता; दर वेळी तो सुखरूप असल्याचं मनाला नव्याने कळत गेलं. चौथी ओळ 3 वरून 1 वर यायला दोन महिने लागले.

तीन सावधगिऱ्या. पट्टी समुपदेशकाकडेच राहू द्या. एका ठिकाणी ती मासिक अहवालाला जोडायला सांगितली होती, तर पुढच्याच महिन्यात सगळ्यांचे आकडे 0 आणि 1 झाले. आणि सगळ्या टीमची झोपेची ओळ एकदम वर गेली, तर माणसांना तपासत बसू नका, केसेस मोजा. झोप मोडणं, दचकणं महिन्याच्या पुढे गेलं, तर पट्टी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेलि-मानसचा 14416 आपण लोकांना देतो, तो समुपदेशकालाही लागतो.

सत्राला येताना चार आठवड्यांची पट्टी भरून आणा. सोबत नाव-गाव झाकलेल्या आठ भेटींच्या नोंदी आणा. पट्टी तुमच्याजवळच ठेवा, नोंदी शेजारच्याला वाचायला द्यायच्या आहेत.