‘बजेट वाढवा’ला होकार देण्याआधी: टक्केवारीवर काम करणाऱ्या एजन्सीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

जाहिरात एजन्सीची फी अनेकदा जाहिरात खर्चाच्या टक्केवारीत ठरते. 15 टक्के ठरली असेल, तर 2 लाखांच्या खर्चावर एजन्सीला 30 हजार मिळतात आणि 3 लाखांवर 45 हजार. काम मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. रोजचं बजेट बदलायला दोन मिनिटं लागतात, तर लोकांनी गुगलवर टाकलेल्या शब्दांतले निरुपयोगी शब्द, म्हणजे सर्च टर्म, शोधून बंद करायला अर्धा दिवस जातो आणि त्याने खर्च उलट कमी होतो. एजन्सी प्रामाणिक असली तरी खर्च वाढवण्याकडचा हा कल कायम राहतो. तो खोट्या आकड्यांत फारसा सापडत नाही. कोणता आकडा पुढे ठेवला आणि कोणती शिफारस कधी झालीच नाही, यात तो दिसतो.

चूक पहिली: सरासरी पाहून खर्च वाढवणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, म्हणून एक हिशेब पूर्ण मांडू. समजा, मॉड्युलर किचन बनवणारा एक व्यवसाय आहे. दर 10 चौकश्यांमागे 1 ऑर्डर येते आणि माल-मजुरी वजा जाता एका ऑर्डरमागे 35,000 रुपये उरतात. एजन्सीची फी 15 टक्के.

पहिल्या महिन्यात जाहिरातीवर 2,00,000 खर्च झाले आणि 100 चौकश्या आल्या. फी धरून एकूण खर्च 2,30,000. ऑर्डर 10, म्हणजे उरले 3,50,000. जाहिरातीचा खर्च वजा करून हातात 1,20,000.

एजन्सीच्या सल्ल्याने पुढच्या महिन्यात खर्च 3,00,000 केला. चौकश्या 120 झाल्या. रिपोर्टमध्ये ‘चौकश्यांत 20 टक्के वाढ’ असं ठळक अक्षरांत येतं. फी धरून एका ऑर्डरचा सरासरी खर्च 28,750 पडतो. तो 35,000 पेक्षा कमीच आहे, त्यामुळे सगळं ठीक वाटतं.

आता फक्त वाढीव भाग वेगळा काढा. जास्तीचा खर्च 1,00,000 आणि त्यावरची फी 15,000, मिळून 1,15,000. जास्तीच्या चौकश्या 20, म्हणजे 2 ऑर्डर. या दोन ऑर्डर प्रत्येकी 57,500 रुपयांना पडल्या आणि प्रत्येकीत 22,500 चा तोटा झाला. महिन्याची शिल्लक 1,20,000 वरून 75,000 वर आली. त्याच महिन्यात एजन्सीची फी मात्र 15,000 ने वाढली. पहिल्या 100 चौकश्या स्वस्त होत्या म्हणून सरासरीत हा तोटा दिसत नाही.

सूत्र एवढंच, आणि येणारं उत्तर एका चौकशीमागे उरणाऱ्या रकमेशी, इथे 35,000 ÷ 10 म्हणजे 3,500 रुपयांशी, ताडून पाहा:

```
वाढीव चौकशीचा खर्च =
(नवा खर्च + नवी फी − जुना खर्च − जुनी फी)
÷ (नव्या चौकश्या − जुन्या चौकश्या)
```

हा हिशेब करताना दिवाळीच्या महिन्याची तुलना आषाढाशी करू नका. चौकशीपासून ऑर्डरपर्यंत तीन आठवडे लागत असतील, तर तेवढे दिवस जाऊ द्या, मगच आकडे घ्या. एका महिन्यावर निकालही देऊ नका; ऑर्डर मोजक्या असतील तर एक-दोन ऑर्डर इकडेतिकडे झाल्या तरी चित्र बदलतं. आणि रिपोर्टमधले ‘कन्व्हर्जन’ न धरता आपल्या वहीतल्या खऱ्या ऑर्डर धरा. फॉर्म भरणं, फोनचं बटण दाबणं आणि व्हॉट्सॲपवर क्लिक करणं या तिन्ही गोष्टी कन्व्हर्जन म्हणून मोजल्या जात असतील, तर एकच माणूस तीनदा मोजला जाऊ शकतो.

चूक दुसरी: ‘बजेट कमी पडतंय’ हे न तपासता मान्य करणं

गुगल ॲड्समध्ये कॅम्पेनच्या तक्त्यात दोन कॉलम जोडून घ्या: `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. पहिला सांगतो, बजेट संपल्यामुळे किती टक्के वेळा जाहिरात दिसली नाही. दुसरा सांगतो, जाहिरातीची रँक कमी पडल्यामुळे किती वेळा दिसली नाही. रँकमध्ये एका क्लिकसाठी लावलेल्या बोलीचा वाटा असतोच, पण जाहिरातीचा दर्जा आणि क्लिक केल्यावर उघडणारं लँडिंग पेजही त्यात येतं.

बजेटमुळे 6 टक्के आणि रँकमुळे 48 टक्के संधी जात असेल, तर नुसतं बजेट वाढवून फारसं हाती लागणार नाही. जाहिरातीचा मजकूर, पेज आणि कीवर्ड यांवर काम हवं. बजेटमुळे 40 टक्के जात असेल, तरी लगेच होकार देऊ नका. आधी सर्च टर्मचा रिपोर्ट उघडा. किचनच्या जाहिरातीवर ‘किचन डिझाइन फोटो’ किंवा ‘सुतारकाम नोकरी’ शोधणारे येत असतील, तर बजेट तेच खाऊन टाकतात. तो कचरा काढला की आहे तेच बजेट महिनाअखेरपर्यंत पुरू शकतं.

रिपोर्टमध्ये गुगलने खात्याला दिलेला ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’ दाखवला जातो, त्यालाही फार वजन देऊ नका. त्यातल्या बऱ्याच शिफारशी बजेट किंवा बोली वाढवण्याच्या असतात, आणि शिफारस नाकारली तरीही स्कोअर वाढतो. तो तुमचा नफा मोजत नाही. गुगल पार्टनर बिल्ल्यासाठी एजन्सीला हा स्कोअर किमान 70 टक्के ठेवावा लागतो, शिवाय तिच्या खात्यांमधून 90 दिवसांत 10,000 डॉलरचा खर्चही व्हावा लागतो. म्हणजे फी बाजूला ठेवली तरी एजन्सीला खर्च वाढवण्याचं आणखी एक कारण उरतं.

चूक तिसरी: स्वतःच्या नावाचे शोध सगळ्यात मिसळू देणं

ज्यांनी तुमच्या दुकानाचं नाव टाकून शोधलं, त्यांतले बरेच जण जाहिरात नसती तरी आले असते. हे क्लिक स्वस्त असतात आणि सगळ्या खात्याची सरासरी सुंदर करतात. नावाचे शोध आणि बाकीचे शोध अशा दोन वेगळ्या ओळी मागा. जाहिरात कुठे दाखवायची ते गुगल आपोआप ठरवतं असा परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेन चालू असेल, तर त्यात नावाचे शोध वगळणारं ब्रँड एक्सक्लूजन लावलंय का ते विचारा. नसेल, तर त्या कॅम्पेनच्या यशावर विसंबून बजेट वाढवू नका.

शिफारशींची वही

मागचे सहा रिपोर्ट काढा आणि प्रत्येक शिफारशीपुढे एक खूण करा: खर्च वाढवणारी, खर्च हलवणारी की खर्च कमी करणारी. सहा महिन्यांत ‘हे बंद करा’ अशी एकही शिफारस नसेल, तर थांबून विचार करा. कोणत्याही चालत्या खात्यात बंद करण्याजोगं काहीतरी निघतंच. मग खात्यातली `Change history` उघडून पाहा की बजेट सोडून नेमकं काय बदललं. त्यासाठी खातं तुमच्या नावावर आणि ॲडमिनचा प्रवेश तुमच्याकडे हवा. तसा तो नसेल तर हे काम सगळ्यात आधी करा.

पुढच्या बैठकीत एक प्रश्न लेखी उत्तरासाठी द्या: ‘खर्च 20 टक्के कमी करायचा झाला, तर कुठून कापाल आणि किती चौकश्या जातील?’ खातं नीट पाहणारी एजन्सी कॅम्पेनची नावं आणि आकडे घेऊन येते. ‘सगळीकडे 20 टक्के परिणाम होईल’ असं उत्तर आलं, तर वाढीव खर्चाचा हिशेब कुणी केलेलाच नाही.

करारात काय बदलायचं

फी प्रत्यक्ष खर्चावर आहे की मंजूर बजेटवर, आणि त्या खर्चात जीएसटी धरला आहे का, हे शब्दांत लिहून घ्या. 2 लाखांच्या खर्चावर 18 टक्के जीएसटी 36,000 होतो. त्यावरही 15 टक्के लावले तर दरमहा 5,400 जास्त जातात.

पूर्ण ठरावीक फीत उलटा धोका आहे: खात्याला हातच न लावण्याचा. म्हणून मधला मार्ग बरा पडतो. सध्याच्या खर्चापर्यंत ठरावीक रक्कम, त्यापुढच्या खर्चावर कमी टक्का, आणि खर्च घटला तरी तीन महिने फी तीच. खर्च कमी करण्याचा सल्ला देणाऱ्याचं नुकसान त्या शेवटच्या अटीने टळतं. ती मान्य झाल्यावर जुनीच ‘बजेट वाढवा’ ही शिफारस पुन्हा पुढे ठेवा आणि एजन्सीला तिचा हिशेब नव्याने मांडायला सांगा.